ड्रम लेव्हलचा एक लूप, वायरपासून व्हॉल्व्हपर्यंत: प्लांट सुरू होण्याआधीचं लूप चेकिंग

विदर्भातल्या सोयाबीन प्लांटचं वेळापत्रक पीक ठरवतं. सप्टेंबरच्या शेवटी काढणी लागते, दसरा-दिवाळीच्या सुमारास माल मार्केट यार्डात येतो, आणि तोवर बॉयलरची वाफ तयार पाहिजे असते. म्हणून नव्या प्लांटचं लूप चेकिंग बहुतेक वेळा ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसात आणि घाईत होतं. आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड किंवा डिप्लोमा करून पहिल्यांदा साइटवर आलेल्या मुलांच्या हातात लूप शीटचा गठ्ठा येतो. पण त्यातल्या प्रत्येक रकान्यामागे काय तपासायचं, हे कोणी बसून सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

प्लांटमध्ये असे शेकडो लूप असतात. मी इथे एकच घेतो आहे, बॉयलरच्या ड्रम लेव्हलचा. ड्रममधल्या पाण्याची पातळी मोजणारा ट्रान्समीटर LT-101, पातळी धरून ठेवणारा कंट्रोलर LIC-101 आणि फीड वॉटरच्या लाइनवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह LV-101. हाच लूप निवडला, कारण तो चुकला तर बॉयलर कोरडा पेटतो. शिवाय यात एक सापळा असा आहे, की सगळ्या लूप शीटवर सह्या झाल्यावरही तो तसाच राहू शकतो.

## आधी हाताशी काय हवं

कागदांमध्ये लूप ड्रॉइंग, पी अँड आयडी, केबल शेड्यूल, ट्रान्समीटर आणि व्हॉल्व्ह या दोन्हींच्या डेटाशीट, इम्पल्स लाइनचं हुक-अप ड्रॉइंग आणि इंटरलॉकचा तक्ता. सगळ्यांची ताजी आवृत्ती घ्या. पॅनेलच्या दारात महिनोन्‌महिने अडकवलेली प्रत जुनी असण्याचीच शक्यता जास्त.

हत्यारांमध्ये मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर, लूप कॅलिब्रेटर, हार्ट कम्युनिकेटर, स्टीलची पट्टी, स्टॉपवॉच आणि दोन वॉकीटॉकी. गावाबाहेरच्या प्लांटवर, त्यातही पत्र्याच्या शेडमध्ये, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. याशिवाय पारदर्शक प्लास्टिकची मीटरभर लेव्हल ट्यूब घ्या, गवंडी वापरतात तीच. ती कशाला लागते ते पुढे येईल. मीटर आणि कॅलिब्रेटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मुदतीत आहे ना, हे साइटवर निघण्याआधी पाहा. मुदत संपल्याचं तिथे गेल्यावर कळलं तर नागपूरची फेरी पडते आणि काम थांबतं.

माणसं दोन, एक फील्डमध्ये आणि एक कंट्रोल रूममध्ये. बोलताना टॅग पूर्ण म्हणायचा: "एलटी एकशे एक, पन्नास टक्के दिलं." समोरच्याने टॅग आणि आकडा दोन्ही परत म्हणायचे. नुसतं "दिलं, दिसलं का?" यावर चाललेल्या चेकिंगमध्ये एकाचा ट्रान्समीटर आणि दुसऱ्याची स्क्रीन वेगवेगळ्या लूपची निघते. वॉकीटॉकीचं बटण उघड्या ट्रान्समीटरला लागून दाबू नका, रीडिंग हलतं. आणि सॉल्व्हेंट सेक्शनमध्ये साधा वॉकीटॉकी, साधा मीटर, मोबाईल यातलं काहीच परमिटशिवाय न्यायचं नाही. तिथे चटकन पेट घेणारं हेक्झेन असतं. आपला लूप बॉयलर हाउसमध्ये आहे म्हणून इथे तेवढी अडचण नाही.

## १. डोळ्यांनी तपासणी

वायरला मीटर लावण्याआधी लूप पायी चालून घ्या. ट्रान्समीटरवरची नेमप्लेट डेटाशीटशी जुळते का? हाय साइडची इम्पल्स लाइन ड्रमच्या खालच्या, पाण्याच्या टॅपिंगला आणि लो साइडची वरच्या, वाफेच्या टॅपिंगला गेली आहे का? काही डिझाइनमध्ये हे उलटं असतं, म्हणून हुक-अप ड्रॉइंग हातात धरूनच बघा. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का?

पावसाळ्यात जंक्शन बॉक्सकडे विशेष लक्ष द्या. ग्लँड खालून आहेत का, घट्ट आहेत का, रिकाम्या भोकांना प्लग आहेत का, झाकणाची रबरी गॅस्केट जागेवर आहे का. केबल वरून उतरून सरळ ग्लँडमध्ये शिरत असेल तर पाणी केबलच्या अंगावरून वाहत आत येतं. ग्लँडच्या आधी केबलला खाली वळण द्या, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.

## २. कंटिन्युइटी आणि मेगर

इथे सगळ्यात आधी दोन्ही टोकांच्या वायरी सोडवायच्या, ट्रान्समीटरकडच्याही आणि कार्डाकडच्याही. मेगरचे ५०० व्होल्ट २४ व्होल्टच्या कार्डात गेले तर कार्ड जातं. घाईत हीच पायरी गाळली जाते.

कंटिन्युइटी म्हणजे नुसता "बीप" नव्हे. बीप वाजला की दोन टोकं कुठेतरी जोडलेली आहेत एवढंच कळतं. ओहम वाचा. समजा बॉयलरपासून कंट्रोल रूमपर्यंत केबल १८० मीटर आहे आणि वायर तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची. या मापाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम असतो. फील्डच्या टोकाला दोन्ही वायरी शॉर्ट केल्या तर जाणं-येणं धरून लांबी ३६० मीटर, म्हणजे मीटरवर साधारण ४.४ ओहम दिसायला हवेत. मीटरच्या लीडचा स्वतःचा रोध त्यातून वजा करा. ४ ते ५ ओहम आले तर ठीक. ४० आले तर कुठेतरी लग नीट क्रिम्प झालेला नाही किंवा टर्मिनलचा स्क्रू इन्सुलेशनवर बसला आहे. बीप तर बऱ्याच मीटरवर ४० ओहमलाही वाजला असता.

क्रम असा ठेवा. आधी फील्डचं टोक उघडं ठेवून मोजा, मीटर अनंत दाखवायला हवा. मग शॉर्ट करा, ४.४ यायला हवेत. मग शॉर्ट काढा, पुन्हा अनंत. या तिसऱ्या मोजणीने आपण मोजतो आहोत ती जोडी हीच, याची खात्री होते. एकाच जंक्शन बॉक्समध्ये बारा जोड्या असताना ती लागते.

मग मेगर. वायर ते वायर, वायर ते शील्ड, वायर ते आर्मर, प्रत्येक वेळी एक मिनिट. किती मेगाओहम चालतील ते प्रोजेक्टच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं, तेच धरा. नव्या, कोरड्या केबलला आकडा शेकड्यांत येतो. काल शेकड्यांत होता आणि रात्रीच्या पावसानंतर आज दोन-तीनवर आला, तर केबल बदलायला धावू नका. आधी जंक्शन बॉक्स उघडा. बहुतेक वेळा टर्मिनलच्या पट्टीवर ओल असते. ब्लोअरने सुकवा, ग्लँड आणि गॅस्केट दुरुस्त करा, पुन्हा मोजा. सुकवूनही आकडा वर आला नाही तर केबल ट्रेवरून चालत जा. भुसा आणि ढेप साठवतात तिथे उंदीर असतातच, आणि कुरतडलेली जागा बरेचदा भिंतीतून केबल आत जाते तिथे सापडते. मेगर झाल्यावर वायरी एकमेकींना टेकवून डिस्चार्ज करा.

शील्डचं अर्थिंग फक्त पॅनेलच्या बाजूला. फील्डच्या टोकाला शील्ड कापून टेपने झाकलेली असली पाहिजे. पडताळायला पॅनेलमधून शील्ड सोडवा आणि तिच्यात व अर्थमध्ये मोजा. कंटिन्युइटी आली तर फील्डमध्ये ती कुठेतरी बॉडीला टेकली आहे. तशीच सोडलीत तर पंख्याची मोटर सुरू झाली की लेव्हल थरथरायला लागेल.

## ३. पॉवर देणं

वायरी परत जोडा, पोलॅरिटी बघा, मग फ्यूज टाका. पॅनेलच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट डीसी आहेत का ते मोजा. मग ट्रान्समीटरवर जा आणि हार्ट कम्युनिकेटरच्या लूप टेस्टने ट्रान्समीटरला २० मिलिअँपिअरवर अडकवून त्याच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. चार मिलिअँपिअरला व्होल्ट चांगलेच दिसतात. खरी परीक्षा वीसला असते.

समजा इनपुट कार्डाचा रोध २५० ओहम आहे आणि जंक्शन बॉक्समधल्या गंजलेल्या टर्मिनलने आणखी ४०० ओहम वाढवले. ट्रान्समीटरला चालायला किमान १२ व्होल्ट लागत असतील तर उरलेल्या १२ व्होल्टमध्ये ६५० ओहममधून जास्तीत जास्त साडेअठरा मिलिअँपिअर जाऊ शकतात. म्हणजे लेव्हल ९० टक्क्यांपर्यंत अगदी बरोबर दिसेल आणि तिथेच अडकेल. ०, २५, ५०, ७५ सगळे बरोबर आणि १०० ला ९० दिसत असेल, तर ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन हलवू नका, आधी व्होल्ट मोजा.

## ४. खरा दाब देऊन पाच पॉइंट

पुष्कळ ठिकाणी हार्टने ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर पाठवतात, स्क्रीनवर ०, २५, ५०, ७५, १०० दिसलं की शीटवर सही करतात. या तपासणीत ट्रान्समीटरच्या आउटपुटपासून स्क्रीनपर्यंतचा रस्ता सिद्ध होतो. ट्रान्समीटरची रेंज बरोबर भरली आहे का, हाय-लो उलटे नाहीत ना, हे त्यातून कळत नाही. म्हणून दाब द्यायचा.

आपल्या ड्रमच्या दोन टॅपिंगमधलं उभं अंतर ५०० मिलिमीटर आहे असं धरू. वरच्या टॅपिंगला कंडेन्सेट पॉट आहे. त्यातून लो साइडला उतरणारी लाइन कायम पाण्याने भरलेली ठेवतात, तिला वेट लेग म्हणतात. म्हणजे लो साइडवर नेहमी ५०० मिलिमीटर पाण्याचा दाब आणि हाय साइडवर ड्रममध्ये असेल तेवढ्या पाण्याचा. ट्रान्समीटर हाय वजा लो मोजतो. ड्रम रिकामा असताना ० वजा ५००, म्हणजे उणे ५००. ड्रम भरलेला असताना ५०० वजा ५००, म्हणजे शून्य. म्हणून रेंज उणे ५०० ते ०. हा थंड पाण्याचा हिशेब आहे. गरम बॉयलरसाठी डेटाशीटमधले आकडे थोडे वेगळे असतील आणि भरायचे तेच. समजून घ्यायला मात्र हा हिशेब सोपा.

इतका कमी दाब हातपंपाने देणं जिकिरीचं असतं, वाऱ्याच्या झुळकेनेही आकडा हलतो. इथे लेव्हल ट्यूब कामाला येते. इम्पल्स लाइन मॅनिफोल्डवर बंद करून सोडवा, हाय साइड हवेला उघडी ठेवा, ट्यूब लो साइडला जोडून उभी बांधा आणि शेजारी पट्टी लावा. ट्यूबमध्ये ट्रान्समीटरच्या डायफ्रामच्या मध्यापासून ५०० मिलिमीटर पाणी भरा. यापेक्षा खात्रीचा प्रमाणित दाब साइटवर मिळत नाही. बुडबुडा मात्र राहू देऊ नका. ट्यूबवर टिचकी मारा, तो वर निघून जातो.

| ट्यूबमधलं पाणी (मिमी) | मिलिअँपिअर | स्क्रीनवरची लेव्हल |
|---|---|---|
| ५०० | ४ | ०% |
| ३७५ | ८ | २५% |
| २५० | १२ | ५०% |
| १२५ | १६ | ७५% |
| ० | २० | १००% |

पाणी कमी होतं तशी लेव्हल वाढते, हे नव्या मुलांना उलटं वाटतं. वेट लेगच्या लूपमध्ये हेच बरोबर आहे. खाली येताना पाच आणि वर जाताना पाच, दोन्हीकडचे आकडे लिहा.

शेवटी ट्रान्समीटरची एक वायर सोडा. स्क्रीनवर सिग्नल खराब असल्याची खूण आणि अलार्म आला पाहिजे, आणि LIC-101 ऑटोमधून बाहेर पडला पाहिजे. नुसतं "०%" दिसून कंट्रोलर ऑटोतच राहिला, तर तो ड्रम रिकामा समजून व्हॉल्व्ह सताड उघडेल. हे प्रोग्रॅमिंगवाल्यांकडून त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. ट्यूब अजून काढू नका.

## ५. व्हॉल्व्ह स्ट्रोक करणं

व्हॉल्व्हला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहा. लाइन फ्लश झाली आहे का? फ्लशिंगच्या वेळी कंट्रोल व्हॉल्व्ह काढून तिथे पाइपचा तुकडा बसवलेला असावा, नाहीतर वेल्डिंगचा कचरा सीटवर बसतो. फीड पंप बंद आणि लॉक केलेला आहे का? आणि हवेची लाइन: पोझिशनरला जोडण्याआधी ट्यूब सोडून हवा मोकळी जाऊ द्या, पांढरं स्वच्छ फडकं समोर धरा. पावसाळ्यात एअर ड्रायर नीट चालत नसेल तर फडकं ओलं होतं. ती ओल पोझिशनरच्या बारीक छिद्रात गेली की व्हॉल्व्ह पुढे आठवड्याभराने अडकायला लागतो. फडकं कोरडं निघेपर्यंत जोडणी नाही. मग एअर फिल्टर रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या दाबावर लावा.

स्मार्ट पोझिशनर असेल तर ऑटो-कॅलिब्रेशन चालवा. त्या वेळी तो स्वतःहून व्हॉल्व्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवतो. स्टेम आणि योकच्या मध्ये कोणाचाही हात असता कामा नये.

आमच्या ड्रॉइंगवर LV-101 फेल ओपन आहे: हवा गेली तर स्प्रिंग तो उघडतो, म्हणजे ड्रमला पाणी मिळत राहतं. हवा दिली की तो बंद होतो. ऑपरेटरला मात्र स्क्रीनवर कायम ० म्हणजे बंद आणि १०० म्हणजे उघडा असंच दिसलं पाहिजे. म्हणून कुठेतरी सिग्नल उलटा करावा लागतो आणि तो एकाच ठिकाणी करायचा. आम्ही कंट्रोल सिस्टीमच्या आउटपुटमध्ये करतो: स्क्रीनवर ० असताना २० मिलिअँपिअर जातात, १०० असताना ४. पोझिशनर तसाच सरळ ठेवायचा, जास्त सिग्नल म्हणजे जास्त हवा. सिस्टीमवाल्याने उलटं केलं आणि पोझिशनर लावणाऱ्यानेही उलटं केलं, तर स्क्रीनवर शून्य दिल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो.

आता LIC-101 मॅन्युअलमध्ये ठेवा आणि ०, २५, ५०, ७५, १०० द्या, मग तसेच उलटे या. व्हॉल्व्हचा प्रवास २० मिलिमीटर असेल तर २५ टक्क्यांना स्टेम ५ मिलिमीटर उघडा हवा. पट्टी लावून मोजा. पोझिशनरच्या डिस्प्लेवर "२५" दिसतं म्हणून लिहू नका. पोझिशनरचा फीडबॅक लिव्हर ढिला असेल तर डिस्प्ले बरोबर आणि स्टेम चुकीच्या जागी, असं होतं.

वर जाताना ५० ला स्टेम १० मिलिमीटरवर आणि खाली येताना ५० लाच ११ वर थांबत असेल, तर पॅकिंग जास्त आवळलं आहे किंवा व्हॉल्व्ह घासतो आहे. याची आणखी बारीक परीक्षा अशी: ५० वर स्थिर करा, मग ५१ द्या, ५२ द्या, ५३ द्या आणि पट्टीवर नजर ठेवा. एक टक्का म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग, जवळून पाहिलं तर हालचाल दिसते. ५१ आणि ५२ ला स्टेम जागचा हलत नाही आणि ५३ ला एकदम उडी मारतो, असा व्हॉल्व्ह ऑटोमध्ये कधीच शांत राहणार नाही. लेव्हल वर-खाली झुलत राहील आणि लोक आठवडाभर ट्यूनिंगचे आकडे बदलत बसतील. पॅकिंग आत्ताच जरा ढिलं करा, पण पाण्याचा दाब आल्यावर गळती बघायचं राहिलेल्या कामांच्या यादीत, म्हणजे पंच लिस्टमध्ये, लिहून ठेवा. पूर्ण उघडायला आणि पूर्ण बंद व्हायला लागणारा वेळही स्टॉपवॉचने नोंदवा. पुढे वर्षभराने व्हॉल्व्ह मंद झाला का, हे याच नोंदीवरून कळेल.

## ६. हवा तोडा, मग वायर तोडा

या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून हवेचा कॉक बंद करा आणि रेग्युलेटरमधली हवा सोडा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला पाहिजे. हवा परत द्या, व्हॉल्व्ह अर्ध्यावर येऊ द्या, मग पोझिशनरची सिग्नल वायर काढा. आताही तो पूर्ण उघडला पाहिजे.

हवा गेल्यावर उघडतो आणि वायर गेल्यावर बंद होतो, असाही व्हॉल्व्ह भेटतो. सिग्नल सिस्टीमऐवजी पोझिशनरमध्ये उलटा केला असेल आणि पोझिशनर जुन्या पद्धतीचा असेल, तर सिग्नल शून्य झाला की तो पूर्ण हवा देतो आणि फेल ओपन म्हणून लावलेला व्हॉल्व्ह बंद करतो. नुसती हवा तोडून पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

## ७. कोरडा लूप ऑटोमध्ये

लेव्हल ट्यूब अजून लो साइडला आहे. पाणी २५० वर आणा, स्क्रीनवर ५० टक्के. सेट पॉइंट ५० ठेवून LIC-101 ऑटोमध्ये टाका. आता ट्यूबमधलं पाणी २०० वर उतरवा, म्हणजे लेव्हल ६० झाली. ड्रममध्ये पाणी वाढलं आहे, तेव्हा कंट्रोलरचं आउटपुट कमी व्हायला लागलं पाहिजे आणि फील्डमधल्या माणसाला व्हॉल्व्ह बंद होताना दिसला पाहिजे. पाणी ३०० वर न्या, म्हणजे लेव्हल ४०. व्हॉल्व्ह उघडायला लागला पाहिजे. उलटं झालं तर कंट्रोलरची ॲक्शन बदला, व्हॉल्व्हकडे जाऊन काही उलटं करू नका. तो मागच्या पायरीत सिद्ध झालेला आहे.

एवढं झालं की कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या, ट्यूब काढा, इम्पल्स लाइन जोडा.

## ८. वेट लेग भरणं: सगळ्या सह्या झाल्यावरचा सापळा

एका प्लांटवर इथपर्यंतचं सगळं काम चोख झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रममध्ये पाणी भरायच्या आधीच बॉयलर ऑपरेटर कंट्रोल रूममध्ये आला.

"भाऊ, स्क्रीनवर त ड्रम फुल्ल दाखवून रायला, अन् काचेत त पाणीच नाई!"

काच म्हणजे गेज ग्लास, आणि खरं तीच सांगत होती. इम्पल्स लाइन परत जोडताना वेट लेग रिकामीच राहिली होती. हिशेब करून बघा. ड्रम रिकामा म्हणून हाय साइड ०, वेट लेग रिकामी म्हणून लो साइडही ०. फरक शून्य, आणि आपल्या रेंजमध्ये शून्य म्हणजे १०० टक्के. ट्रान्समीटर, वायर, कार्ड, स्क्रीन यांपैकी एकाचीही चूक नाही. पण या अवस्थेत कंट्रोलर ऑटोत टाकला असता तर त्याने भरलेला ड्रम समजून फीड वॉटर बंद ठेवलं असतं.

पूर्ण रिकामी वेट लेग निदान लगेच लक्षात येते. अर्धवट रिकामी जास्त घातक. समजा व्हेंट स्क्रूमधून ठिबकून वेट लेगमधलं पाणी १०० मिलिमीटर उतरलं. ड्रम अर्धा आहे, हाय साइडवर २५०. लो साइडवर आता ४००. फरक उणे १५०, स्क्रीनवर ७०. खरी लेव्हल ५०. कंट्रोलर ५० दाखवण्यासाठी पाणी कमी करेल आणि खरी लेव्हल ३० वर नेऊन ठेवेल, स्क्रीनवर मात्र सगळं शांत.

म्हणून वेट लेग अशी भरा. आधी ड्रममध्ये कोणी माणूस नाही, मॅनहोल बंद आहे, हे परमिटवर बघून घ्या. मॅनिफोल्डचा मधला इक्वलायझिंग व्हॉल्व्ह बंद आहे का ते पाहा. मग कंडेन्सेट पॉटच्या भरणीच्या प्लगमधून स्वच्छ पाणी हळूहळू ओता. ट्रान्समीटरच्या लो साइडचा व्हेंट स्क्रू जरा उघडा ठेवा. आधी हवा फसफसत येईल, मग बुडबुड्यांसह पाणी, मग सलग धार. सलग धार आल्यावर व्हेंट बंद करा आणि पॉट काठोकाठ भरेपर्यंत ओतत राहा. ड्रम रिकामा असताना स्क्रीन ० च्या आसपास आली पाहिजे. आता तासभर थांबा आणि पुन्हा पाहा. आकडा हळूहळू वर चढला असेल तर कुठेतरी गळतंय: व्हेंट, फेरूलचा जोड किंवा नीट न बसणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह.

या इक्वलायझिंग व्हॉल्व्हबद्दल एक सक्त सूचना. दोन्ही बाजूंचे आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडे असताना तो कधीही उघडायचा नाही. उघडला की वेट लेगमधलं पाणी मॅनिफोल्डमधून हाय साइडला आणि तिथून ड्रममध्ये निघून जातं. शून्य तपासायचं असेल तर आधी आयसोलेशन बंद करा.

मग ड्रममध्ये पाणी भरत गेज ग्लासशी ताडून पाहा. रेंज गरम बॉयलरसाठी भरलेली असेल तर थंड पाण्याला काच आणि स्क्रीन पूर्ण जुळणार नाहीत. दहा किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी सुमारे १८४ अंशांवर असतं आणि त्याची घनता थंड पाण्यापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते. वेट लेगमधलं पाणी त्या मानाने थंडच राहतं. त्यामुळे थंड अवस्थेत काच आणि स्क्रीन दोन्ही एकाच दिशेने हलतात का, एवढंच पाहा. आकडे जुळवायला ट्रान्समीटरची रेंज ओढू नका.

## ९. लो-लो ट्रिप, पाणी उतरवून

लेव्हल अति खाली गेली की इंधनाचा फीडर आणि भट्टीला हवा देणारा एफडी फॅन बंद करणारा स्विच LT-101 पासून वेगळा असला पाहिजे, स्वतःच्या टॅपिंगवर बसवलेला. वरचा सापळा वाचल्यावर कारण सांगायला नको. ही ट्रिप टर्मिनलवर वायर तोडून तपासली तर स्विचच्या पुढचीच वायरिंग तपासली जाते. भट्टी थंड असताना पऱ्हाटीच्या ब्रिकेटचा फीडर रिकामा चालवा, एफडी फॅन चालू ठेवा, ब्लोडाउनमधून पाणी हळूहळू उतरवा आणि गेज ग्लाससमोर उभे राहा. फीडर आणि पंखा थांबले त्या क्षणी काचेत पाणी कुठे होतं, ते खूण करून शीटवर लिहा. पाणी काचेतून दिसेनासं होण्याच्या आत ट्रिप आली पाहिजे.

## १०. शीट, जंपर आणि पहिली शिफ्ट

चेकिंगच्या काळात पॅनेलमध्ये जंपर लागतात, स्क्रीनवर सिग्नल फोर्स केले जातात. प्रत्येकाला नंबर द्या, लाल टेप लावा आणि वहीत टॅग, तारीख, लावणाऱ्याचं नाव लिहा. बॉयलर पेटवण्याआधी वही आणि पॅनेल समोरासमोर धरून एकेक काढा. "इंटरलॉक सकाळपासून येऊन रायला होता म्हणून टाकला होता" असा जंपर वहीत नसेल तर तो कोणालाच आठवत नाही.

लूप शीटवर "ओके" न लिहिता मोजलेले आकडे लिहा: ओहम, मेगाओहम, वीस मिलिअँपिअरला व्होल्ट, दहा पॉइंट, स्टेमचे मिलिमीटर, दोन्ही दिशांचा वेळ.

बॉयलर पेटल्यावर पहिल्या शिफ्टमध्ये LIC-101 मॅन्युअलवरच ठेवा आणि ऑपरेटरला दर पंधरा मिनिटांनी काचेतली आणि स्क्रीनवरची लेव्हल शेजारी-शेजारी लिहायला सांगा. कामाचा दाब स्थिर झाल्यावर दोन्ही जुळत असतील तरच ऑटो. पुढेही इम्पल्स लाइनचा ब्लोडाउन कोणी मारला तर वेट लेग रिकामी होते आणि वाफ थंड होऊन ती पुन्हा भरायला वेळ लागतो. तोवर कंट्रोलर मॅन्युअलवर आणि नजर काचेवर, हे ऑपरेटरच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून द्या.